गुंतवणूकदाराच्या ईमेलमध्ये आकडा आणि मागणी आधी कशी आणू?

प्रश्न: माझा परिच्छेद असा आहे: ‘आम्ही दवाखान्यांच्या औषधसाठ्यासाठी सॉफ्टवेअर बनवतो. बाजारपेठ प्रचंड आहे, टीम अनुभवी आहे. 60 दवाखाने पैसे भरून वापरतात, उत्पन्न झपाट्याने वाढतंय. आपल्याशी बोलायला आवडेल.’ उत्तरच येत नाही. काय बदलू?

उत्तर: ‘झपाट्याने’च्या जागी खरा आकडा घाला आणि तो पहिल्या वाक्यात आणा. तुमचं उत्पन्न सहा महिन्यांपूर्वी महिना 6,000 डॉलर होतं आणि आज 18,000 आहे असं धरून लिहितो:

‘आमचं मासिक उत्पन्न सहा महिन्यांत 6,000 वरून 18,000 डॉलरवर गेलं, पुढच्या 18 महिन्यांसाठी आम्ही 4 लाख डॉलर उभे करतोय. 60 दवाखाने औषधसाठा सांभाळायला आमचं सॉफ्टवेअर महिना 300 डॉलर भरून वापरतात. या पैशांतून विक्रीची माणसं नेमून 200 दवाखान्यांपर्यंत जायचं आहे. मंगळवारी किंवा गुरुवारी 20 मिनिटं बोलता येईल का?’

नुसतं ‘तिप्पट वाढ’ लिहू नका. 500 चे 1,500 झाले तरी ती तिप्पटच, म्हणून वाचणारा आधी मूळ आकडा शोधतो. 60 गुणिले 300 म्हणजे बरोबर 18,000. हा ताळा तो मनातल्या मनात करतोच. फुकट चाचणीवरचे दवाखाने 60 मध्ये धरले असतील तर ताळा इथेच चुकतो आणि विश्वास जातो. मागणीत रक्कम आणि मुदत दोन्ही हवीत. 4 लाख भागिले 18 म्हणजे या रकमेतून महिन्याला साधारण 22,000 डॉलरची तूट भरता येते. तुमच्या खर्चाच्या तक्त्याशी ती जुळते का, हे पाठवण्याआधी तपासा.