सासू-सासऱ्यांसोबत स्वित्झर्लंड: आधी वेग, मग पैसे, मग ठिकाणं

प्रश्न: आम्ही स्टुटगार्टला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी येत आहेत. बाबांना आठवड्याभरात पॅरिस, स्वित्झर्लंड, जमलं तर लंडनही बघायचंय. आईंचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. नवरा म्हणतो, तीन हजार युरोच्या वर जायचं नाही. बारा वर्षांच्या मुलीला बर्फ हवाय आणि मला एका जागी शांत बसायचंय. रोज जेवताना यावरून वाद होतो.

उत्तर: तुमच्या घरी वादाची सुरुवात ठिकाणांपासून होते, म्हणून तो संपत नाही. आधी आईंना विचारा, की दिवसभरात किती चालवतं आणि किती जिने चढवतात. त्या सगळ्यांसमोर ‘माझं काही नाही, तुम्ही ठरवा’ असंच म्हणतील. म्हणून हे एकटीला, चहाच्या वेळी विचारा. त्यांना एका वेळी अर्धा तास चालवत असेल, तर रोज सामान उचलून नवं हॉटेल गाठणं बाद होतं. मग एकच मुक्काम उरतो, आणि तुम्हाला हवी असलेली शांतताही त्यातच मिळते.

मुक्कामासाठी मी ल्युसर्न सुचवेन, पाच रात्री. स्टुटगार्टहून झुरिकमार्गे रेल्वेने जाता येतं आणि बोटीचा धक्का स्टेशनासमोरच आहे. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, पण लिफ्ट आहे का हे आधी लेखी विचारा. सकाळी पोहे, रात्री वरणभात घरी झाला, की बाहेरचं जेवण दिवसातून एकदाच. पाच माणसांच्या खर्चात सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

आता बर्फ. त्यासाठी लोक जातात ते युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे. हवा विरळ, ल्युसर्नहून जाऊन-येऊन सगळा दिवस जातो, आणि इंटरलाकेनपासूनचं पूर्ण परतीचं तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या पुढे. पाचही जणांनी तिथे जाणं मला पटत नाही. बाबा, नवरा आणि मुलगी जाऊ देत. बाबांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच जावं. तिकीट काढण्यापूर्वी सकाळी वरचा वेबकॅम बघा. ढग असतील तर एवढे पैसे देऊन पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. म्हणून या सहलीसाठी एकच तारीख धरू नका, दोन दिवस मोकळे ठेवा. ते तिघं जातील त्या दिवशी तुम्ही आणि आई ल्युसर्नच्या तळ्याकाठी थांबा.

सगळ्यांनी मिळून जायचं ते रिगी डोंगरावर. ल्युसर्नहून बोटीने फित्झनाऊ आणि तिथून दातेरी रुळांवरची गाडी थेट १७९८ मीटर उंचीच्या रिगी कुल्म शिखराजवळच्या स्टेशनापर्यंत. ही रेल्वे १८७१ पासून चालू आहे. शेवटच्या स्टेशनापासून शिखर थोड्या चढावर आहे, पण आई स्टेशनापाशी बसल्या तरी त्यांना डोंगर दिसतात. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ही बोट आणि गाडी दोन्ही येतात. युंगफ्राउयोखच्या शेवटच्या टप्प्याला मात्र फक्त सवलत मिळते. पास असलेल्या स्वतःच्या आई किंवा वडिलांबरोबर सोळा वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्ड फुकट मिळतं, आणि त्यावर त्यांचा प्रवासही फुकट होतो. ते आजोबांच्या पासवर चालेल असं धरून चालू नका. सगळ्या दिवसांचा पास डोळे झाकून घेऊ नका. कोणत्या दिवशी कुठे जायचं ते कागदावर मांडा, सुट्या तिकिटांची बेरीज करा, मग ठरवा.

पैशांचं बोलणं तुमच्या यजमानांनी बाबांशी करावं, तुम्ही नाही. सून खर्चाबद्दल बोलली की त्याचा अर्थ वेगळाच लावला जातो. ‘बजेट कमी आहे’ असं मोघम न सांगता आकडा सांगावा: राहणं, प्रवास आणि किराणा आमच्याकडे, एवढ्यात बसवायचंय. बाबा पैसे देऊ म्हणतील. सरळ नाही म्हटलं तर त्यांना लागतं. त्यांना एक ठरावीक गोष्ट द्या, उदाहरणार्थ नातीचं युंगफ्राउयोखचं तिकीट. ते आनंदाने काढतील, आणि मग प्रत्येक कॉफीचे रुपये करत बसणार नाहीत.

पॅरिस याच आठवड्यात कोंबू नका. स्टुटगार्टहून थेट रेल्वे आहे, दोन रात्रींसाठी नंतर बाबा आणि नवरा दोघंच जाऊन येऊ शकतात. लंडनचं मात्र बाबांना आजच सांगा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. शिवाय त्यांच्या शेंगेन व्हिसावर ‘एकच प्रवेश’ असेल, तर लंडनला गेल्यावर त्याच व्हिसावर जर्मनीत परत येता येणार नाही. स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात 01 आहे की MULT ते फोटो मागवून बघा. 01 असेल तर लंडन यंदा नाहीच. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असल्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.