‘पुनर्रचना’ नको, ‘कामावरून कमी करतोय’ असं लिहा

प्रश्न : वकीलसाहेब, समुद्रपूर तालुक्यात माझा कपाशीवरच्या किडीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे आणि त्यात लावायची, पतंगांना ओढणारी गंधाची लूर बनवायचा छोटा कारखाना आहे. आठ वर्षांपूर्वी मीच सुरू केला. आज अडतीस माणसं आहेत, सगळी आजूबाजूच्या गावांतली. मोठी ऑर्डर बंद झाली. लूर भरायचा विभाग बंद करतो आहे. तिथल्या नऊ बाया आणि जोडणीवरचे पाच जण कमी करावे लागतील. सीए म्हणतात राजीनामे लिहून घ्या. मुलानं व्हॉट्सअॅपवर टाकायला मजकूर केला : ‘बदलत्या बाजारपरिस्थितीत संस्थेची पुनर्रचना करत असून काही सहकाऱ्यांना तात्पुरता ले-ऑफ देत आहोत.’ मला तो पचत नाही. या लोकांच्या लग्नाकार्याला मी बसलो आहे. काय सांगू, कसं सांगू? जोडणीत माझा मावसभाऊही आहे, मागच्या वर्षी लागला.

उत्तर : भाऊ, मजकूर पचत नाही हे बरंच झालं. कायद्यालाही तो पचणार नाही.

आधी ‘ले-ऑफ’ हा शब्द काढा. शहरातल्या कंपन्या माणूस काढला की ‘ले-ऑफ’ म्हणतात, पण आपल्या कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. काम तेवढ्यापुरतं नाही, माणूस मात्र मस्टरवर कायम, याला ले-ऑफ म्हणतात. तुम्ही करताय ती कामगार कपात, इंग्रजीत ‘रिट्रेंचमेंट’. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे आणि कपातीच्या अटी तिच्या कलम ७०, ७१ आणि ७२ मध्ये आहेत. सहीनिशी ‘तात्पुरता ले-ऑफ’ लिहून दिलं, की सहा महिन्यांनी एखादी बाई दारात येऊन म्हणेल, ‘साहेब, माझी नोकरी तर चालूच आहे, काम द्या.’ तिचं म्हणणं खोडायला तुमच्याकडे कागद नसेल. शिवाय ‘तात्पुरता’ ऐकून ती वेचणीचा हंगाम तुमच्या फोनची वाट पाहत घालवेल, हे मला जास्त लागतं.

‘पुनर्रचना’ हा शब्दही त्याच जातीचा. नोटिशीत कारण लिहावंच लागतं, आणि पुनर्रचना हे कारण नव्हे, कारण झाकायचं फडकं आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याविरुद्ध मी कामगारांच्या बाजूनं उभा होतो. नोटिशीत ‘प्रशासकीय पुनर्रचना’ एवढंच. उलटतपासणीत मालकाला विचारलं, आधी काय होतं आणि नंतर काय झालं, सांगा. त्यांना सांगताच येईना. खरं कारण साधं होतं, माल उठत नव्हता. तेवढं लिहिलं असतं तर माझ्याकडे विचारायला फारसं काही उरलं नसतं.

याच्या उलट चूक म्हणजे ‘काम समाधानकारक नाही’ असं लिहिणं. मग ती कपात राहत नाही, ठपका होतो, आणि चौकशी न करता ठपका ठेवला म्हणून प्रकरण उलटतं. ऑर्डर गेली असेल तर ऑर्डर गेली असंच लिहा.

आता राजीनाम्याचं. तुमचे सीए पैसा वाचवायला बघतात, हे समजतं. पण एकाच दिवशी, एकाच अक्षरात, एकाच वाक्याचे चौदा राजीनामे न्यायालयात ठेवले की ते कसे आले हे सांगावं लागत नाही. आणि बाईचं काय जातं ते आकड्यात बघा. लूर विभागातल्या एका ताईंची नोकरी सहा वर्षं आठ महिन्यांची आणि पगार दरमहा १५,६०० रुपये धरू. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षं.

कपातीची भरपाई दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. महिन्याच्या पगाराचा निम्मा ७,८००, त्याची सातपट ५४,६००. ग्रॅच्युइटीत मात्र महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणून पंधरा दिवसांचे ९,००० आणि सात वर्षांचे ६३,०००. हे दोन हिशोब लोक हमखास एकमेकांत मिसळतात. त्याशिवाय कपात झालेल्या कामगारांसाठी असलेल्या पुनर्कौशल्य निधीत तुम्ही तिच्या नावानं आणखी पंधरा दिवसांचा पगार, ७,८०० रुपये, भरायचा. ते कपातीपासून ४५ दिवसांत तिच्या खात्यात पोचायला हवेत. एकूण १,२५,४००. राजीनामा दिला तर हातात फक्त ग्रॅच्युइटीचे ६३,०००. म्हणजे त्या एका सहीची किंमत ६२,४०० रुपये. ज्यांच्या लग्नाकार्याला बसलात त्यांच्याकडून ही सही घ्यायची का, ते तुम्हीच ठरवा. ज्यांची पाच वर्षं भरली नाहीत त्यांना साधारणपणे ग्रॅच्युइटी नाही, भरपाई मात्र एक वर्षाच्या सलग नोकरीवर मिळते. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले असले की वर्ष धरलं जातं. आणि पगारपत्रकात मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे दाखवले असतील तर आता सांभाळा. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच मोजतात.

तीनशेपेक्षा कमी कामगार आहेत, म्हणून सरकारची आगाऊ परवानगी तुम्हाला लागत नाही. पण शासनाला कपातीची नोटीस द्यावी लागते. नमुना वर्ध्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयातून घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर तेवढा पगार रोख. हाताशी पैसा कमी आहे, तर नोटीसच द्या. ३० सप्टेंबरला पत्र हातात दिलं तर शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर, आणि भरपाई त्याच दिवसापर्यंत खात्यात. इथे खेळ करू नका. ‘निम्मे आता, निम्मे माल विकल्यावर’ असं केलं की कपातच बेकायदा ठरू शकते, कारण पैसा ही आधी पुरी करायची अट आहे. पुढच्या तारखेचा चेकही चालणार नाही. उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा.

सगळ्यात अवघड भाग यादी. ‘लूर विभाग बंद, म्हणून तिथल्या नऊ बाया’ हे तुम्हाला सरळ वाटतं. कायदा विभाग बघत नाही, कामाचा वर्ग बघतो, आणि त्या वर्गात जो शेवटी लागला तो आधी जातो. तुमची नेमणूकपत्रं काढून बघा. दोन्हीकडे ‘हेल्पर’ लिहिलं असेल, पगार सारखा असेल आणि घाईत लूरवरच्या बाया जोडणीला, जोडणीची पोरं लूरला बसत असतील, तर तो एकच वर्ग. मग यादी सगळ्या हेल्परांची एकत्र लावायची आणि खालून चौदा मोजायचे. सहा वर्षं आठ महिन्यांच्या ताई कदाचित राहतील आणि जोडणीवरचे नवे जातील. काम खरोखर वेगळं असेल, लूर भरायला वेगळं शिक्षण, वेगळा दर, वेगळं मस्टर असेल, तरच नऊ बायांची यादी टिकेल. क्रम मोडायचा असेल तर प्रत्येक माणसामागे लेखी कारण ठेवा, जसं एकटाच मोल्डिंग मशीन चालवतो. ‘मावसभाऊ आहे’ हे कारण नाही. तो मागच्या वर्षी लागला, म्हणजे त्याचं नाव बहुतेक तळाशीच येणार. ते आधी त्याच्या घरी जाऊन सांगा, नाहीतर मावशी सगळ्यांसमोर विचारेल. यादी नोटीस बोर्डावर आठवडाभर लावा. एखाद्याची रुजू तारीख चुकली असेल तर तेव्हाच समजेल.

व्हॉट्सअॅपवर काही टाकू नका. सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळी सगळ्यांना, राहणाऱ्यांनाही, एकत्र बसवा आणि स्वतः बोला. मुलाला किंवा सुपरवायझरला पुढे करू नका. मग चौदा जणांना एकेक करून पत्र द्या. पत्र साधारण असं :

‘श्रीमती ___, लूर भरणे विभाग. आपल्या कारखान्याच्या लूरची सर्वात मोठी ऑर्डर यंदा बंद झाली. दुसरी ऑर्डर मिळवायचा मी प्रयत्न केला, मिळाली नाही. म्हणून हा विभाग बंद करत आहे आणि तुम्हाला कामावरून कमी करत आहे. तुमचा शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर. यात तुमच्या कामाचा काही दोष नाही. ऑर्डर एकाच गिऱ्हाइकावर टाकून ठेवली, ती चूक माझी. भरपाई ५४,६०० आणि ग्रॅच्युइटी ६३,००० रुपये त्याच दिवशी तुमच्या खात्यात जमा होतील. ७,८०० रुपये पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत येतील. हिशोब सोबत जोडला आहे. चुकला वाटला तर मला सांगा. एक वर्षाच्या आत या कामासाठी माणसं घ्यायची झाली तर आधी तुम्हाला बोलावणं माझ्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. तशी भरती होईलच असं मी आज सांगू शकत नाही, म्हणून दुसरं काम मिळालं तर घ्या.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. परत बोलावण्याचा हक्क कलम ७२ मध्ये आहे, तो नुसता दिलासा नव्हे. पण ‘दिवाळीनंतर बघू’ असं मोघम बोललात, तर माणूस ना बुटीबोरीच्या कारखान्यांत जात, ना शेतावर. आणि ‘चूक माझी’ या वाक्यावर तुमचे सीए नाक मुरडतील. धंद्याचा अंदाज चुकला हे कबूल केल्यानं कपात बेकायदा होत नाही, उलट कारण खरं असल्याचा तो पुरावा आहे. मात्र ते खरं असेल तरच लिहा.

पत्रावर ‘मिळाले’ एवढीच सही घ्या. ‘माझे कोणतेही हक्क उरले नाहीत’ असली ओळ खाली टाकू नका. तिनं तुमचा बचाव फारसा होत नाही, आणि चांगल्या पत्राची चव जाते. सुपरवायझर असून पगार १८,००० च्या वर असेल तर तो या तरतुदीत ‘कामगार’ नाही. त्याच्या नेमणूकपत्रातली नोटीस पाळा.

३१ तारखेनंतर पीएफच्या पोर्टलवर प्रत्येकाची काम सोडल्याची तारीख भरा. ती भरली नाही की यांचा पैसा अडकतो, आणि मग त्या बाया भर उन्हात तुमच्या बंद गेटपाशी येऊन बसतात.