पावत्या दोन, हप्ते तीन

प्रश्न : वकीलसाहेब, मुलीच्या कॉलेजची फी 30,000 रुपयांच्या तीन हप्त्यांत एनईएफटीने भरली. पहिला जुलैत आणि तिसरा 10 डिसेंबरला माझ्या खात्यातून. दुसरा 12 सप्टेंबरला भावाने त्याच्या खात्यातून पाठवला. कॉलेज म्हणतं, तिसरा हप्ता बाकी आहे, विलंब शुल्कासह भरा, नाहीतर हॉल तिकीट नाही. माझ्याकडे पावत्या दोनच आहेत. पुन्हा पैसे भरू का?

उत्तर : लगेच भरू नका. आधी दुसरी पावती हातात घ्या आणि तिच्यावर ‘दुसरा हप्ता’ असं छापलेलं असलं तरी तिकडे लक्ष न देता तारीख आणि बँकेने त्या व्यवहाराला दिलेला यूटीआर नंबर पाहा. माझा अंदाज आहे की तिच्यावर डिसेंबरची तारीख असेल. तसं असेल तर घोळ असा झाला आहे : भावाचे पैसे मुलीच्या नावावर चढलेच नाहीत, म्हणून तुम्ही डिसेंबरात भरलेली रक्कम कॉलेजने दुसऱ्या हप्त्यात वळती केली आणि तिसरा हप्ता बाकी दिसू लागला.

हे आधी समजून घ्यायला हवं, कारण तुम्ही ‘तिसरा हप्ता भरला आहे’ असं सांगत राहिलात, तर हिशेब विभागातला माणूस 10 डिसेंबरची नोंद काढून म्हणेल, ‘हे पैसे मिळाले, त्याची पावतीही दिली.’ आणि त्याचंही बरोबरच असेल. तुमची तक्रार 12 सप्टेंबरच्या रकमेबद्दल आहे. अर्जात तेवढंच लिहा.

आता ते पैसे गेले कुठे? एनईएफटीत रक्कम खाते क्रमांक पाहून जमा होते. नाव जुळलं नाही म्हणून ती थांबेलच असं नाही. त्यामुळे तीन शक्यता उरतात. पैसे परत आले असतील तर ते भावाच्या खात्यात जमा दिसतील. त्याला सप्टेंबरचा पूर्ण उतारा काढायला सांगा, नुसता मोबाइलचा स्क्रीनशॉट पुरत नाही. क्रमांकातला एखादा आकडा चुकला असेल तर ते भलत्याच खात्यात गेले असतील. आणि सर्वांत जास्त आढळणारी शक्यता म्हणजे, पैसे कॉलेजच्याच खात्यात आहेत, पण पाठवणाऱ्याचं नाव वेगळं आणि शेऱ्याच्या रकान्यात मुलीचा प्रवेश क्रमांक नाही, म्हणून ते कुणाच्या नावावर टाकायचे हे न कळल्याने ‘न जुळलेल्या रकमां’त पडून आहेत.

नेमकं काय झालं ते भावाच्या बँकेकडून कळेल. अर्ज त्यानेच द्यायला हवा, कारण खातं त्याचं आहे. तुमच्या अर्जावर बँक त्याच्या खात्याची माहिती देणार नाही. यूटीआर नंबर देऊन ‘ही रक्कम कोणत्या खाते क्रमांकावर, कोणत्या दिवशी जमा झाली’ याचं लेखी उत्तर मागा. तक्रार दिल्यावर 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

जमा झाल्याचं पत्र मिळालं की कॉलेजला दोन कागद द्या. एक भावाचा : ‘12 सप्टेंबरचे 30,000 रुपये मी अमुक प्रवेश क्रमांकाच्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या हप्त्यापोटी भरले आहेत, माझा त्यावर दावा नाही.’ या शेवटच्या चार शब्दांची कॉलेजला खरी गरज असते. उद्या भावाने पैसे परत मागितले तर काय, ही भीती त्यामुळे जाते. दुसरा तुमचा : सप्टेंबरची रक्कम दुसऱ्या हप्त्यात आणि डिसेंबरची तिसऱ्यात धरावी, पावत्या दुरुस्त कराव्यात, विलंब शुल्क रद्द करावं. दोन्हींच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 41 प्रमाणे, देणं तिसऱ्या माणसाने फेडलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारलं, तर तेच देणं मूळ माणसाकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मात्र पैसे कॉलेजच्या खात्यात पोहोचले असतील तरच हे लागू होतं. चुकीच्या खात्यात गेले असतील, तर कॉलेजचं देणं उभंच राहतं आणि भावाला ती रक्कम बँकेमार्फत परत मिळवावी लागेल.

परीक्षा अगदी तोंडावर असेल तर मुलीचं वर्ष पणाला लावू नका. रक्कम भरा, पण त्याच दिवशी ‘हरकत राखून भरत आहे, सप्टेंबरची रक्कम जुळल्यावर ही परत मिळावी’ असं पत्र देऊन पोच घ्या. या वेळी शेऱ्याच्या रकान्यात मुलीचा प्रवेश क्रमांक आणि ‘हप्ता 3’ एवढं नक्की लिहा.