कॅटलॉग एक्झिक्युटिव्हच्या कव्हर लेटरमध्ये लिस्टिंग क्वालिटीचा अनुभव कसा मांडावा?

प्रश्न: मी दोन वर्षं भांड्यांच्या एका होलसेलरकडे ऑनलाइन लिस्टिंगचं काम करतेय. कुकर, कढया, तवे मिळून साधारण 900 एसकेयू आहेत. आता एका किचनवेअर ब्रँडमध्ये कॅटलॉग एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज करायचाय. जाहिरातीत लिस्टिंग क्वालिटी आणि अ‍ॅट्रिब्यूट डेटाचा अनुभव हवा असं लिहिलंय. कव्हर लेटरमध्ये हे कसं लिहू? "900 प्रॉडक्ट लिस्ट केले" एवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. 900 हा आकडा पत्रात असू द्या, पण एका वाक्यात तो येऊन जाऊ दे. काम किती होतं ते त्यावरून कळतं, शीट बरोबर होती की नाही हे कळत नाही. ही जाहिरात देणाऱ्याला दुसरी गोष्ट जाणून घ्यायची आहे. माझा सल्ला असा की तुमच्या शीटमधला एकच रकाना निवडा आणि त्यात काय चुकत होतं, ते तुम्ही कसं पकडलं आणि पुन्हा चुकू नये म्हणून काय बदललं, एवढंच नीट लिहा. "एक्सेलवर प्रभुत्व", "बारकाईने काम करण्याची सवय" ही वाक्यं प्रत्येक अर्जात असतात. रकान्याची गोष्ट ज्याने ते काम केलंय त्यालाच सांगता येते.

भांड्यांच्या धंद्यात त्यासाठी इंडक्शन बेसचा रकाना मला सगळ्यात चांगला वाटतो. ग्राहक इंडक्शनचा फिल्टर लावतो तेव्हा हा रकाना रिकामा असलेली कढई त्याला दिसतच नाही, मग फोटो कितीही चांगला असो. उलट चालत नसताना Yes भरलं तर कढई घरी जाते, शेगडीवर तापत नाही आणि "वर्णनाप्रमाणे नाही" या कारणाने परत येते. एकाच रकान्यातून विक्रीही अडते आणि रिटर्नही वाढतात, त्यामुळे वाचणाऱ्याला फार समजावून सांगावं लागत नाही.

आधी आकडा काढा. पॅनेलवरून सगळ्या लिस्टिंगची सध्याची फाइल डाउनलोड करा. इंडक्शनचा रकाना H असेल आणि ओळी 2 ते 901 असतील, तर रिकामे किती ते असं कळेल:

```
=COUNTBLANK(H2:H901)
```

मग तुमची सगळ्यात जुनी अपलोड फाइल शोधा. मेलमध्ये किंवा पॅनेलच्या अपलोड हिस्टरीत बहुतेक सापडते. तिच्यावर हेच करा. समजा तेव्हा 310 रिकामे होते आणि आज 20 आहेत. म्हणजे भरलेले 590 वरून 880 झाले, टक्क्यांत सुमारे 66 वरून 98. जुनी फाइल मिळालीच नाही तर "आधी" चा आकडा अंदाजाने लिहू नका, फक्त आजचा द्या. मुलाखतीत पहिला प्रश्न "हा आकडा कुठून काढला?" हाच येतो.

पण भरलेला रकाना म्हणजे बरोबर रकाना नव्हे, आणि अनुभवी माणूस पत्रात हाच फरक शोधत असतो. घाईत सगळ्या स्टीलच्या भांड्यांना Yes लावून टाकलं तरी 98 टक्के होतात. म्हणून भरलेल्यांतले 50 एसकेयू कुठलेही निवडून गोडाऊनमध्ये प्रत्यक्ष तपासा. साधं लोहचुंबक लागतं. ते भांड्याच्या बुडाला बाहेरून लावायचं, अंगाला नाही. 304 ग्रेडच्या स्टीलला अंगावर चुंबक सहसा चिकटत नाही, पण त्याच भांड्याच्या सँडविच बुडात बाहेरून चुंबकीय स्टीलचा थर असला की ते इंडक्शनवर चालतं. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरला मात्र बुडाशी स्टीलची प्लेट नसेल तर तो चालत नाही. बूड फारच लहान असेल तर चुंबक चिकटूनही शेगडी भांडं ओळखत नाही, म्हणून बुडाचा सपाट व्यासही मोजून शेजारी लिहून ठेवा. 50 पैकी 4 चुकलेले निघाले तर तो आकडाही जपून ठेवा. पत्रात स्वतःच्या चुकांचा आकडा देणारा उमेदवार क्वचितच दिसतो, आणि तो आकडा लगेच विश्वास मिळवतो.

हे झालं की पत्र. खाली नमुना मराठीत देतेय. अर्ज इंग्रजीत पाठवायचा असेल तर हाच क्रम ठेवा आणि वाक्यं तितकीच छोटी ठेवा. आकडे मी वरच्या उदाहरणातले घेतलेत, त्या जागी तुमचे खरे टाका.

"महोदय,

कॅटलॉग एक्झिक्युटिव्ह या जागेसाठी मी अर्ज करत आहे. गेली दोन वर्षं मी भांड्यांच्या घाऊक विक्रेत्याकडे कुकर, कढया आणि तवे अशा सुमारे 900 एसकेयूंची लिस्टिंग सांभाळते. नवीन माल चढवणं, व्हेरिएशन जोडणं आणि नाकारल्या गेलेल्या ओळी दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे.

आमच्या शीटमध्ये इंडक्शन बेसचा रकाना 310 एसकेयूंना रिकामा होता. पुरवठादारांच्या याद्यांमध्ये ही माहितीच येत नव्हती. मी गोडाऊनमध्ये बुडाला चुंबक लावून आणि बुडाचा व्यास मोजून ती गोळा केली. आज 880 एसकेयूंना हा रकाना भरलेला आहे. उरलेल्या 20 चा माल सध्या आमच्याकडे नाही, त्यामुळे ते अंदाजाने न भरता रिकामे ठेवले आहेत. भरलेल्यांपैकी 50 पुन्हा तपासले तेव्हा 4 चुकलेले आढळले. ते चारही एकाच पुरवठादाराचे होते, म्हणून त्याचा सगळा माल मी नव्याने तपासला.

आता नवीन मालाच्या फॉर्ममध्ये बुडाचा प्रकार आणि व्यास हे दोन रकाने मी सक्तीचे केले आहेत. ते भरल्याशिवाय लिस्टिंग चढत नाही.

आपल्या ब्रँडच्या काही लिस्टिंग मी पाहिल्या. त्यांतल्या एका कढईबद्दलचं निरीक्षण सोबतच्या शीटमध्ये लिहिलं आहे. भेटीची संधी मिळाल्यास त्यावर बोलता येईल.

आपली विश्वासू,"

या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य 20 रिकाम्या ओळींचं आहे. ते गाळू नका. माहिती नसताना Yes भरणारा माणूस कॅटलॉगमध्ये किती महाग पडतो हे टीम लीडला पक्कं माहीत असतं. तिसरा परिच्छेदही तितकाच महत्त्वाचा, कारण दुरुस्ती कोणीही करतो. चूक जिथून आत येते ती जागा बंद केली का, हे त्या परिच्छेदातून कळतं.

इंडक्शनचं काम तुम्ही केलंच नसेल तर दुसरा रकाना घ्या, रीत तीच. कढयांची क्षमता चालेल. पुरवठादाराच्या यादीत साइज "12 नंबर" असा येतो, टेम्प्लेट मागतं लिटर, आणि मिलिलिटरचा 2500 हा आकडा लिटरच्या रकान्यात पडला की अडीच लिटरची कढई अडीच हजार लिटरची होते. रकाना मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट केला की ही चूक लगेच वर येते. खरी क्षमता काढायची तर रिकामं भांडं वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. 1 किलो पाणी म्हणजे जवळपास 1 लिटर. काठोकाठची क्षमता आणि वापरता येण्याजोगी क्षमता वेगळी असते, म्हणून कुठली भरली ते सगळ्या ओळींना सारखं हवं. मटेरियलचा रकानाही चांगला विषय आहे. पिव्होट लावलं की "स्टेनलेस स्टील", "एसएस", "स्टील" असे एकाच धातूचे तीन-चार अवतार दिसतात.

बारकोडचा उल्लेख करायचा असेल तर एका वाक्यात करा. CSV एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह केली की 13 अंकी बारकोडचं 8.90123E+12 होतं आणि पुढचे अंक फाइलमधून जातात. CSV थेट न उघडता इम्पोर्ट करणं आणि तेव्हाच तो रकाना टेक्स्ट ठरवणं हा त्यावरचा उपाय. हे कॅटलॉगमधल्या प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे पत्राचा मुख्य मुद्दा म्हणून ते फिकं पडेल.

स्कोअरबद्दल जपून लिहा. प्रत्येक मार्केटप्लेस लिस्टिंग क्वालिटी आपल्या पद्धतीने मोजतं. "क्वालिटी स्कोअर 95 वर नेला" असं लिहिलंत तर कुठल्या पॅनेलवरचा, कुठल्या कॅटेगरीचा, तेही लिहा. नाहीतर तो आकडा वाचणारा सोडून देतो. रिटर्न कमी झाले असं म्हणायचं असेल तर आणखी जपून, कारण किंमत, पॅकिंग आणि कुरिअर यांमुळेही रिटर्न बदलतात. फक्त "वर्णनाप्रमाणे नाही" या कारणाचे रिटर्न वेगळे काढता आले तरच तो दावा करा.

ब्रँड स्वतः कुकर बनवत असेल तर कायद्याचे रकाने तुम्ही हाताळलेत हे एका ओळीत सांगा. निर्मात्याचं नाव-पत्ता, एमआरपी, निव्वळ प्रमाण आणि मूळ देश ही माहिती पॅकबंद मालाच्या ऑनलाइन लिस्टिंगवर दाखवावी लागते. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्याचं मानक IS 2347. ब्रँडला याची काळजी होलसेलरपेक्षा जास्त असते, कारण नोटीस आली तर त्यांच्याच नावाने येते.

सोबतची शीट सहा ओळींची पुरे. सध्याच्या मालकाची फाइल किंवा पॅनेलचे स्क्रीनशॉट चुकूनही जोडू नका. त्यात खरेदीचे भाव आणि पुरवठादारांची नावं असतात, आणि ते पाहिलं की नवा मालक विचार करतो की उद्या ही आमचंही असंच बाहेर नेईल. घरातली पाच भांडी घ्या, मोजा, चुंबक लावा आणि सगळे रकाने स्वतः भरा. सहाव्या ओळीत त्या ब्रँडची एक खरी लिस्टिंग घ्या आणि त्यात काय रिकामं किंवा विसंगत आहे ते लिहा. उदाहरणार्थ, शीर्षकात 3 लिटर आणि खालच्या तक्त्यात 2.5 लिटर. सूर टीकेचा नको, नोंद केल्यासारखं एवढंच लिहा.

पत्र एका पानात बसवा, 250 ते 300 शब्दांत. मेलच्या विषयात जागेचं नाव आणि तुमची कॅटेगरी, म्हणजे "कॅटलॉग एक्झिक्युटिव्ह, किचनवेअर, 2 वर्षं", आणि फाइलच्या नावात तुमचं नाव. पाठवण्याआधी पत्रातला प्रत्येक आकडा शीटशी एकदा ताडून घ्या. डेटाच्या नोकरीच्या अर्जात पत्रात 880 आणि बायोडेटात 850 असेल तर पुढचं कोणी वाचत नाही.