अरबी मित्राला नोकरी लागली, तर काय म्हणाल?

मित्र कैरोचा असो, अम्मानचा किंवा मस्कतचा, ‘अल्फ मबरूक’ म्हणा. हजारदा अभिनंदन, असा त्याचा अर्थ आणि तो सगळीकडे कळतो. आखातातले काही जण ‘मबरूक’पेक्षा ‘मुबारक’ जास्त शुद्ध मानतात. समोरचा ‘मुबारक’ म्हणत असेल तर तुम्हीही तेच वापरा.

पण नोकरीसाठी एवढ्यावर थांबू नका. पुढे ‘बित्तौफीक’ जोडा, म्हणजे कामात यश लाभो. नवशिक्याला हा शब्द फार सोयीचा, कारण पुरुष-स्त्री पाहून तो बदलत नाही. ‘अल्लाह युवफ्फिकक’ हा आशीर्वाद अधिक आपुलकीचा आहे, पण तो पुरुषासाठी. मैत्रिणीला बोलताना शेवट ‘-इक’ होतो: ‘युवफ्फिकिक’. इथेच बहुतेकांची गफलत होते. इजिप्तमध्ये ‘अल्लाह’ऐवजी ‘रब्बना’ही सर्रास ऐकू येतं.

समजा, मैत्रिणीला दुबईत नोकरी लागली. तुम्ही म्हणा, ‘मा शा अल्लाह, अल्फ मबरूक, बित्तौफीक!’ नजर लागू नये म्हणून कौतुकाआधी ‘मा शा अल्लाह’ म्हणतात. पगाराचं किंवा पदाचं नुसतंच कौतुक केलं, तर काहींना अवघडल्यासारखं होतं.

ती म्हणेल, ‘अल्लाह यबारिक फीक’ (तुम्ही स्त्री असाल तर ‘फीकि’). हे तुमच्या ‘मबरूक’चं ठरलेलं उत्तर, त्यावर हसून मान डोलावली तरी पुरे. आणि उद्या तुम्हाला कोणी ‘मबरूक’ म्हणालं, तर ‘शुक्रन’वर न थांबता हेच उत्तर द्या.