जुन्या वहीतील संक्षेप : सोडवावेत की तसेच ठेवावेत?

प्रश्न : पणजोबांची १९२० च्या सुमाराची हिशेबवही आणि काही पत्रे टंकलिखित करतो आहे. जागोजागी रा० रा०, ह. मु., चि०, ग. वि. असे संक्षेप आहेत. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी ते सोडवून पूर्ण लिहावेत, की जसेच्या तसे ठेवावेत?

उत्तर :

दोन्ही करावे, पण दोन वेगळ्या प्रतींत. पहिल्या प्रतीत कागदावर जे दिसते तेच, ओळीला ओळ ठेवून उतरवावे. ती पूर्ण झाल्यावर तिची नक्कल काढून त्या नकलेत संक्षेप सोडवावेत आणि आपण घातलेले प्रत्येक अक्षर चौकटी कंसात ठेवावे. पहिल्या प्रतीला नंतर हात लावू नये. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, घरचे कागद वाचता वाचता जे समजले तेवढेच सांगतो.

वाचकाची सोय म्हणून ‘शोधा आणि बदला’ या सुविधेने सरसकट संक्षेप सोडवण्याचा मोह होतो. तो का टाळावा, हे पुढच्या ओळीवरून दिसेल. तुमच्या वहीतही अशा ओळी सापडतील.

रा० रा० ग. वि. रा. वाई ह. मु. पुणे यांजकडून रु॥ ५॥ ता० ५

रा[जमान्य] रा[जश्री] ग. वि. रा[हणार] वाई ह[ल्ली] मु[क्काम] पुणे यांजकडून रु[पये] ५॥ ता[रीख] ५

एकाच ओळीत ‘रा’ तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याचा विस्तार निराळा झाला. दोन उभ्या रेघांचेही तसेच आहे. अक्षरापुढे आल्या तर त्या संक्षेपाची खूण असतात, पण आकड्यापुढे आल्या की अर्धा दाखवतात, म्हणून येथे रक्कम साडेपाच रुपये होते. या रेघा संक्षेपचिन्ह समजून काढून टाकल्या तर आठ आणे हिशेबातून गेलेच, आणि पानाखालची बेरीज का जुळत नाही याचा शोध आपण भलतीकडे घेत बसतो. ‘ता’ सुद्धा गावाच्या नावाआधी आला तर बहुधा तालुका असतो. त्यामुळे प्रत्येक जागा स्वतंत्रपणे पाहूनच सोडवावी.

वरच्या ओळीत ‘ग. वि.’ मुद्दाम तसेच ठेवले आहे. ठरावीक संक्षेपाचा विस्तार रूढीने ठरलेला असतो, आद्याक्षरांचा नसतो. ‘ग’ म्हणजे गणेश, गजानन किंवा गणपत, आणि घाईच्या हातात अनुस्वार गळला असेल तर गंगाधरही. त्यातच नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपल्याकडची रीत. गणेश विनायक, त्यांचा मुलगा विनायक गणेश आणि त्याचा मुलगा पुन्हा गणेश विनायक. म्हणजे ‘ग. वि.’ आजोबाही असतात आणि नातूही, आणि पूर्ण नाव लिहूनही हा घोळ सुटत नाही.

तो सुटतो नावाआधीच्या उपपदाने. वही मधल्या विनायकरावांच्या हातची असेल, तर ‘ती. ग. वि.’ हे त्यांचे वडील, ‘चि. ग. वि.’ हा मुलगा, आणि ‘कै.’ असेल तर ती नोंद वडिलांच्या निधनानंतरची. म्हणून उपपदाची ही अक्षरे माझ्या मते अख्ख्या पानातील सर्वांत मौल्यवान असतात.

नेमकी हीच अक्षरे आमच्या कागदांतून गेली. शहरातील एका संस्थेकडे घरची वही टंकलेखनासाठी दिली होती. त्यांनी ती., चि., रा. रा. अशी सगळी उपपदे काढून सर्वत्र एकसारखे ‘श्री.’ केले आणि आद्याक्षरांच्या जागी अंदाजाने पूर्ण नावे घातली, तीही कंसाविना. परिणामी शाळेच्या फीची नोंद आजोबांच्या नावावर गेली आणि तिच्या आधारे चुलत घराण्याने केलेली वंशावळ एका पिढीने सरकली. मूळ उताऱ्याची कच्ची प्रत मागितली, तेव्हा ‘आम्ही ती ठेवत नाही, आणि आता वाचायला सोपे झाले आहे ना?’ असे उत्तर मिळाले. सगळी वही पहिल्यापासून लावावी लागली. बाहेर काम देणार असाल तर अक्षरशः उताऱ्याची प्रत मिळेल हे आधी लेखी घ्यावे. कागद न्यायालयात किंवा मिळकतीच्या कामी वापरायचा असेल, तर मात्र माझ्या सांगण्यावर न जाता वकिलांना विचारावे.

आद्याक्षरे सोडवायचीच असतील, तर दुसऱ्या एखाद्या कागदात तीच व्यक्ती पूर्ण नावाने आणि जुळणाऱ्या गावाने किंवा तारखेने सापडलेली असावी. तसे असेल तर ग[णेश] वि[नायक] लिहावे, नुसता तर्क असेल तर कंसातच प्रश्नचिन्ह घालावे. चि., सौ., कै. आजही सर्वांना कळतात, त्यामुळे दुसऱ्या प्रतीतही ते सोडवण्याचे मला कारण दिसत नाही.

टंकनाची एक गोष्ट राहिली. ‘रा०’मधील पोकळ टिंबासाठी बहुतेकजण शून्य दाबतात, मीही वर तेच केले आहे. युनिकोडमध्ये त्यासाठी वेगळे लाघवचिन्ह (॰, U+0970) आहे, आणि दुहेरी दंडही (॥, U+0965) एकच अक्षर आहे. यांपैकी काहीही निवडा, पण पहिल्या पानापासून तेच ठेवा, नाहीतर पुढे एखादी नोंद शोधताना निम्म्या जागा संगणकाला सापडत नाहीत.