हात कुठे असतो ते बघ

चि. ... यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सकाळची वीस मिनिटांची ध्यानाची बैठक नीट होते, पण दुपारपर्यंत त्यातलं काहीच उरत नाही, तर बैठक वाढवू का, असं विचारलं आहेस. माझं उत्तर नाही असं आहे. बैठक आहे तेवढीच ठेव आणि जे तू रोज करतोसच त्यातल्या दोन गोष्टींकडे वळ: चालणं आणि जेवणं. त्यांना वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि दोन्हींत तुझं मन नेमकं कुठे निसटतं ते स्पष्ट दिसतं.

आधी चालणं. जाताना आपण जात आहोत हे जाणावं, असं सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धाच्या उपदेशात, साध्या शब्दांत सांगितलं आहे. हळू चालावं असं तिथे म्हटलेलं नाही. शिबिरात चंक्रमण, म्हणजे चालतानाचं ध्यान, करताना पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं अशी नोंद करत संथ चालायला शिकवतात. शिकण्यासाठी ते उत्तमच आहे. पण तीच चाल रोजच्या जगण्यात आणलीस तर तोल डळमळेल, कारण एका पायावर जास्त वेळ उभं राहावं लागतं, आणि सगळं लक्ष तो सावरण्यातच जाईल. तू तुझ्या नेहमीच्या वेगानेच चाल.

त्या वेगात शोधायची जागा एकच. चालताना प्रत्येक पाऊल साधारण साठ टक्के वेळ जमिनीवर असतं आणि चाळीस टक्के हवेत. म्हणजे प्रत्येक पावलागणिक एक छोटा क्षण असा येतो की पुढची टाच टेकलेली असते आणि मागचा अंगठा अजून सुटलेला नसतो. दोन्ही पाय जमिनीवर, आणि वजन एकाकडून दुसऱ्याकडे सरकत असतं. धावताना हा क्षण नसतो, चालताना तो दर वेळी येतो. तो तळव्यातून ओळखायला शीक. मी हाच निवडते, कारण तो इतका थोडका असतो की मन दुसरीकडे असेल तर हाती लागत नाही. लक्ष होतं की नव्हतं, हे लगेच कळतं.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येकाची होते, तुझीही होईल. मनात 'उजवा, डावा' असा जप सुरू होतो आणि पाय आपले आपण चालत राहतात. किंवा आपण स्वतःला वरून बघू लागतो, जणू चालणाऱ्या माणसाचं चित्र डोळ्यांपुढे आहे. ओळखायचं कसं? स्वतःला विचार, कोणत्या पायाचा जोडा जास्त आवळतो आहे? उत्तर लगेच आलं तर तू पायात आहेस. आठवावं लागलं तर तू चित्रात आहेस. लक्ष देण्याच्या नादात चालच ताठ झाली, तर तळवे सोड आणि हातांची हेलकावणी जाणवू दे. पाय आपोआप सैल होतात. रस्ता ओलांडताना मात्र हे काही करायचं नाही. तिथे डोळे आणि कान बाहेर हवेत, पूर्ण. तीही सजगताच आहे.

आता तुझ्या कामाच्या जागेपासून जेवायच्या जागेपर्यंतचं अंतर घे. समज, साठ पावलं आहेत. त्यातली पहिली दहाच मोज, बाकीची सोडून दे. पाचव्या-सहाव्या पावलाला मन जेवणाच्या ताटापाशी पोचलेलं असेल. दार अजून आलेलं नसतं, पण खांदे आणि मान पुढे झुकलेली असतात. ते झुकणं हेच तुला पाहायचं आहे. लगेच सरळ होऊ नकोस. आधी ते नीट जाणवू दे.

तेच झुकणं ताटावर पुन्हा भेटतं, आणि तिथे ते हातात असतं. पहिला घास तोंडात असताना तुझा हात काय करत असतो, कधी पाहिलं आहेस? बहुतेक वेळा पुढचा घास तयार करून वाट बघत असतो. म्हणजे तोंडातला घास हा केवळ वाटेतला अडथळा झालेला असतो. तू दुपारी सगळं हरवतं म्हणतोस, तो हरवण्याचा एक नेमका ठिकाणा हा आहे.

जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात बेदाण्याचा प्रयोग असतो. एक बेदाणा हातात घेऊन बघायचा, हुंगायचा, ओठाशी न्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग सावकाश चावायचा. तो एकदा करून बघ. पण अख्खं जेवण तसं करण्याच्या फंदात पडू नकोस, दोन दिवसांत कंटाळून सोडशील. फक्त पहिले तीन घास घे. घास तोंडात गेला की हात खाली टेकव आणि गिळून होईपर्यंत तिथेच राहू दे. एवढा एकच नियम.

हात थांबला की बाकीचं दिसू लागतं. पिष्टमय घास चावत राहिलास तर तो गोडसर होत जातो, कारण लाळ त्यातल्या पिष्टाची साखर करू लागते. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग खरं तर वास असतो, घशाच्या मागून नाकात चढणारा. क्षणभर नाक दाबून चाव आणि मग सोड, फरक लख्ख कळेल. आणि गिळण्याआधी गिळण्याची ऊर्मी येते. ती येताना दिसली, तर त्या घासापुरतं तू पूर्ण तिथे होतास.

सुरुवातीला मी चाळीस वेळा चावायचं असं ठरवून घेतलं होतं. बरेच दिवस ते पाळलं. जबडा दुखला, मोजणी अचूक राहिली आणि चव एकदाही आठवेना. म्हणून सांगते, चावणं मोजू नकोस. पोट भरल्याची खूणही पहिल्या तीन घासांत शोधू नकोस. ती उशिरा पोचते, पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. ती जाणवावी असं वाटत असेल तर जेवणाच्या मध्यावर एकदा पुन्हा हात टेकव.

हे वजन उतरवण्यासाठी करू नकोस. त्या हेतूने बसलास की प्रत्येक घासाचा हिशेब सुरू होतो. आणि खाण्याविषयी कधी भीती, अपराधीपणा किंवा अन्न टाळण्याची ओढ तुला छळत असेल, तर जेवणाचा भाग पूर्ण बाजूला ठेव. अशा वेळी घासावर रोखलेलं लक्ष त्रास वाढवू शकतं. त्याबद्दल तज्ज्ञांशी बोल, आणि तोवर फक्त चालण्याचा भाग कर.

आठवडाभर एवढंच: दहा पावलं, तीन घास. एखाद्या दिवशी विसरलास तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नकोस. पुढच्या पत्रात अनुभव कसा होता ते लिहू नकोस, एकच कळव. तिसरा घास गिळताना हात कुठे होता?

तुझी,
ताई